क्वालिटेटिव्ह थिसिसवर "रिलायबिलिटी-व्हॅलिडिटी दाखवा" हा शेरा परत परत येतोय? अडतंय कुठे आणि दुरुस्त कसं करायचं

प्रॉब्लेम सगळ्यांचा जवळपास एकच असतो. मुलाखती आणि निरीक्षणं करून केलेला अभ्यास, तिसऱ्या चॅप्टरमध्ये "प्रस्तुत संशोधनात ट्रँग्युलेशनचा वापर करण्यात आला आहे" असं एक वाक्य, म्हणजे एकच गोष्ट वेगवेगळ्या स्रोतांतून ताडून पाहिल्याचा दावा, त्याखाली लिंकन आणि गुबा यांचे चार निकष व्याख्येसकट उतरवलेले, आणि कमिटीकडून शेरा की साधनाची विश्वसनीयता व वैधता दिलेली नाही. मग माणूस एकतर घाबरून मुलाखतीच्या प्रश्नांचा क्रॉनबॅक अल्फा काढायला बसतो, नाहीतर त्याच व्याख्या अजून दोन पानं लांबवतो, आणि पुढच्या मीटिंगला तोच शेरा परत.

आधी अल्फाचं मिटवून टाकू. क्रॉनबॅकचा १९५१ चा अल्फा स्कोअरवर चालतो. भरपूर लोकांनी तेच प्रश्न तसेच सोडवले, प्रत्येक प्रश्नाला आकडा मिळाला, तर ते प्रश्न एकमेकांशी किती जुळून चालतात ते तो सांगतो. तुमच्या मुलाखतीत एकीला तुम्ही विचारलं "मुलीला सोबत का नेलं", दुसरीनं न विचारताच अर्धा तास सासूबद्दल सांगितलं, तिसरीला तो प्रश्न लागूच नव्हता कारण तिची मुलगी गावातच राहिली. इथं स्कोअर कुठला आणि अल्फा कशाचा काढणार? ओढूनताणून काढलेला अल्फा व्हायवाला पहिल्याच प्रश्नात उघडा पडतो, त्यामुळे तो थिसिसमध्ये नकोच.

पण कमिटीचा मूळ प्रश्न चुकीचा नाही, हे आधी मान्य करा. ते विचारतायत की तुमच्या म्हणण्यावर आम्ही विश्वास का ठेवायचा. गुबाने १९८१ मध्ये आणि नंतर लिंकन-गुबा जोडीने १९८५ मध्ये याच प्रश्नाचे चार तुकडे केले. इंटर्नल व्हॅलिडिटीच्या जागी क्रेडिबिलिटी, म्हणजे लोकांचं जगणं तुम्ही जसं मांडलंय ते पटण्यासारखं आहे का. एक्स्टर्नल व्हॅलिडिटीच्या जागी ट्रान्सफरेबिलिटी, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी हे लागू पडेल का ते वाचणाऱ्याला ठरवता येईल इतकं तपशीलवार वर्णन. रिलायबिलिटीच्या जागी डिपेंडेबिलिटी, म्हणजे कामाची प्रक्रिया मागं जाऊन तपासता येते का. ऑब्जेक्टिव्हिटीच्या जागी कन्फर्मेबिलिटी, म्हणजे निष्कर्ष डेटातून आलेत की तुमच्या मनातून. चारही मिळून ट्रस्टवर्दिनेस. एवढं सगळ्यांना पाठ असतं, आणि नेमकं पाठ असल्यामुळेच ते तिसऱ्या चॅप्टरमध्ये अडकून बसतं, चौथ्या-पाचव्या चॅप्टरमधल्या एकाही निष्कर्षाला त्याचा हात लागत नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे तुमचा ट्रँग्युलेशनचा परिच्छेद उचलून मैत्रिणीच्या थिसिसमध्ये जसाच्या तसा टाकून बघा. तिथंही तो चालत असेल तर शेरा बरोबर आहे, तुम्ही काय केलं ते त्यात कुठंच नाहीये.

आता एक केस घेऊ, कारण नुसत्या निकषांनी काही कळत नाही. समजा तुमचा विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातली मुलं आणि शाळा. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलला परततात, मुलं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. तुम्ही एका गावात शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या, हजेरीपट पाहिला, कारखान्याच्या परिसरात कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर जाऊन आयांशी बोललात. (केस समजण्यासाठी रचलेली आहे, पण यातल्या अडचणी फील्डवर येणाऱ्याच आहेत.)

शिक्षक म्हणाले, गळती नाही, मुलं येतात. हजेरीपटावर डिसेंबर-जानेवारीत त्या मुलांची हजेरी लागलेली. मुख्याध्यापकांच्या वार्षिक अहवालातही तेच. पोषण आहाराचं रजिस्टरही जुळतंय. इथं बरेच जण खूश होऊन लिहितात की चार स्रोतांतून एकच निष्कर्ष निघाला, ट्रँग्युलेशन झालं. झालेलं नाही! हे चारही एकाच हातातून आलेत, हजेरीपट शिक्षकाने भरला, आहाराचं रजिस्टर त्याच हजेरीवरून भरलं, अहवाल त्या दोन्हीवरून लिहिला आणि मुलाखतही त्याच शिक्षकाची. म्हणजे स्रोत एकच आहे, चार वेळा मोजलाय. ट्रँग्युलेशनचा सगळा जोर यावर असतो की दोन स्रोत चुकलेच तर वेगवेगळ्या कारणाने चुकले पाहिजेत, आणि हाच मुद्दा सगळ्यात जास्त सुटतो असं मला वाटतं. प्रत्येक स्रोतासमोर एक ओळ लिहा की हा कोणी तयार केला, कशासाठी केला आणि हा चुकलाच तर कुठल्या बाजूला चुकेल. तीन स्रोतांसमोर तीच ओळ आली तर तुमच्याकडे एकच स्रोत आहे.

मग वेगळ्या हातचं काय मिळेल? कोप्यावरची आई, तिला पटसंख्येशी देणंघेणं नाही. तिनं सांगितलं की मोठी मुलगी सोबतच आहे, धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. अजून एक चांगली गोष्ट म्हणजे वह्या. मुलं परत आल्यावर पालकांची आणि शाळेची परवानगी घेऊन वह्या बघा, प्रत्येक धड्यावर तारीख असते, बाईंची सही असते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर पुढची तारीख थेट एप्रिलची असेल तर ती वही कोणाच्या सांगण्यावर अवलंबून नाही, ती कोणी संशोधकाला दाखवायला लिहिलेली नव्हती. अशा मागं राहिलेल्या खुणांचा वापर करा असं वेब आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच मांडलं होतं, आणि ट्रँग्युलेशन हा शब्द समाजशास्त्राच्या पद्धतीत रुळला त्यातही त्या कामाचा वाटा आहे. नंतर डेन्झिनने १९७० मध्ये त्याचे चार प्रकार केले: डेटाचं, संशोधकांचं, सिद्धांताचं आणि पद्धतीचं. शिक्षक, आई आणि सरपंच अशा तिघांच्या मुलाखती घेतल्या तर ते डेटाचं ट्रँग्युलेशन आहे, पद्धत एकच राहते. मुलाखतीसोबत वह्या आणि प्रत्यक्ष वर्गात बसून मोजणी आली की मग ते पद्धतीचं. थिसिसमध्ये हे दोन्ही एकमेकांत मिसळून लिहिलेलं असतं, ते नीट करा, पण चारही प्रकार केलेच पाहिजेत असा कुठलाही नियम नाही. एकट्या पीएचडीवाल्याकडे दुसरा संशोधक नसतो, नसू दे.

तर आता स्रोत भांडतायत. पट म्हणतो मुलगी हजर, आई म्हणते माझ्यासोबत फडात, वही म्हणते पाच महिने एक ओळ नाही. बहुतेक थिसिस इथंच बिघडतात, कारण ट्रँग्युलेशन म्हणजे सगळं जुळलं पाहिजे असं डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे न जुळणारा स्रोत गुपचूप वगळला जातो किंवा "काही प्रमाणात विसंगती आढळली" असं म्हणून पान उलटलं जातं. सँड्रा मॅथिसनने १९८८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ट्रँग्युलेशनमधून तीन गोष्टी निघू शकतात: स्रोत जुळतात, एकमेकांशी विसंगत राहतात, किंवा थेट विरोधात जातात, आणि तिन्ही वेळा ते असं का झालं याचं स्पष्टीकरण देणं संशोधकाचं काम आहे.

स्पष्टीकरण द्यायचं तर प्रश्नाचे दोन भाग करा. पहिला भाग म्हणजे मुलगी किती महिने शाळेत नव्हती. ही घडलेली गोष्ट आहे, याला एकच उत्तर असतं, इथं स्रोत जुळायला हवेत आणि नाही जुळले तर कुठला स्रोत कमकुवत ते तुम्ही सांगायला हवं. इथं वही आणि आई दोघी एका बाजूला, पटाची साखळी दुसऱ्या बाजूला, आणि पट का चुकेल ते सांगता येतं, संचमान्यतेत शिक्षकांची पदं पटसंख्येवर ठरतात. दुसरा भाग म्हणजे तिला का नेलं आणि तिचं नाव पटावर हजर का ठेवलं. हा अर्थाचा प्रश्न आहे, इथं आई आणि शिक्षक जुळतील ही अपेक्षाच चुकीची. खुद्द लिंकन आणि गुबा यांनीही १९८९ मध्ये ट्रँग्युलेशनला आवर घातला, ते अशा वस्तुस्थितीच्या बाबी ताडून बघण्यापुरतं ठेवावं आणि लोकांनी लावलेला अर्थ बरोबर पकडलाय का हे त्या लोकांकडूनच तपासून घ्यावं अशी त्यांची भूमिका झाली. माझ्या मते पूर्ण विषयातला हा सगळ्यात उपयोगी फरक आहे आणि थिसिसमध्ये तो जवळजवळ कधीच दिसत नाही.

हा फरक केला की शिक्षकाकडे परत जाता येतं. आरोप करायला नाही, "नाव चालू ठेवण्याचा फायदा कोणाला होतो" एवढंच विचारायला. आणि मग तो सांगतो की पदाचा प्रश्न आहेच, पण नाव कमी केलं की पोरगी एप्रिलला परत आली तरी घरचे तिला पुन्हा शाळेत आणायचे नाहीत, नाव असलं की निदान परीक्षेला बसवता येतं. म्हणजे खोटी हजेरी ही नुसती लबाडी नव्हती, ती त्या मुलीला शाळेच्या दोरीला बांधून ठेवायचीही युक्ती होती. हा निष्कर्ष स्रोत जुळले असते तर तुम्हाला मिळालाच नसता. तुमच्या थीमचं नाव "अनियमित उपस्थिती" वरून "नाव शाळेत, पोर फडात" असं होतं, आणि चौथ्या चॅप्टरमध्ये हे कसं बदललं ते लिहिलं की क्रेडिबिलिटी दिसते, वेगळी व्याख्या द्यावी लागत नाही.

दुसरा बिघाड म्हणजे निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी केस. समजा तुम्ही लिहिलंय की घरात लहान भावंडं असेल तर मोठ्या मुलीला सोबत नेतात. सात-आठ कुटुंबांत हे बसलं. मग एक कुटुंब असं सापडलं की धाकटं कोणीच नाही, तेरा वर्षांची एकुलती मुलगी, तरी तिला नेली. ही केस "अपवाद" म्हणून टाकून देऊ नका, हीच तुमची परीक्षा आहे. आई म्हणते, मोठी झालेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवू? मग मागच्या सगळ्या मुलाखती परत वाचायच्या, आणि दिसतं की जिथं आजी घरी होती तिथं लहान भावंड असूनही मुलगी मागे राहिली. म्हणजे नियम बदलला, मुद्दा भावंडाचा कमी आणि मागे लक्ष ठेवायला घरचं माणूस आहे की नाही याचा जास्त. हे नवं वाक्य सगळ्या केसेसना लागू होतं का ते पुन्हा बघायचं, नाही झालं तर पुन्हा बदलायचं किंवा कुठं लागू होत नाही ते लिहायचं. निगेटिव्ह केस ॲनालिसिस म्हणतात ते हेच. थिसिसमध्ये जुनं वाक्य, ते मोडणारी केस आणि नवं वाक्य असे तिन्ही दाखवा, फक्त नवं दाखवलं तर ते केलं होतं हे कोणाला कळणार.

रिलायबिलिटीकडे येऊ. "हाच अभ्यास दुसऱ्याने केला तर हेच येईल का" असं विचारलं तर सरळ सांगा की नाही येणार, पुढच्या हंगामात उचल वेगळी, मुकादम वेगळा, पाऊस वेगळा, आणि आई बाईमाणसाशी जे बोलते ते पुरुषाशी बोलणार नाही. त्याजागी आपण दाखवतो की ज्या वाटेने निष्कर्षापर्यंत आलो ती वाट दुसऱ्याला मागे चालत जाऊन तपासता येते. लिंकन-गुबा यांनी याला ऑडिटच म्हटलंय, हिशेब तपासनीस जसा व्हाउचर बघतो तसं. तर व्हाउचर ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं व्हाउचर म्हणजे कोडमध्ये, म्हणजे मुलाखतीतल्या उताऱ्यांना तुम्ही दिलेल्या नावांमध्ये, केलेल्या बदलांची तारीखवार नोंद, उदाहरणार्थ:

"१४ फेब्रुवारी. 'मुलीची जबाबदारी' हा कोड मोडला. कारण: आठव्या मुलाखतीत जबाबदारी नाही, भीती आहे. आता दोन कोड: 'धाकट्याला सांभाळणं' आणि 'मागे घरचं कोणी नाही'. मुलाखत १ ते ७ पुन्हा कोड केल्या, मुलाखत ३ आणि ५ मधले उतारे दुसऱ्या कोडमध्ये गेले."

एवढीच नोंद, पण ती त्याच दिवशी केलेली हवी. सबमिशनच्या आधी आठवून लिहिलेली नोंद लगेच ओळखू येते, सगळे कोड पहिल्यापासून शहाणे दिसतात, कुठं काही मोडलेलं नसतं, तारखा सारख्या अंतराने असतात. आणि शेजारी वेगळ्या वहीत तुमचं स्वतःचं लिहा, तुम्ही ऊसतोड कुटुंबातलेच आहात का, शिक्षक आहात का, कोणाचं बोलणं ऐकून राग आला. तुम्ही स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असाल तर शिक्षकाची बाजू तुम्हाला आपोआप पटणार, ते लिहून ठेवलं की कन्फर्मेबिलिटीच्या प्रश्नाला उत्तर तयार असतं.

इथंच कप्पाचा प्रश्न येतो, की दोन कोडर्सचं जुळणं काढा. पाच जणांची टीम ठरलेल्या कोडबुकने दोनशे मुलाखती कोड करत असेल तर दोन-दोन कोडर्सच्या जोडीने कोहेनचा कप्पा काढायला हरकत नाही, सगळे कोडचा अर्थ एकच घेतायत का ते कळतं. पण ब्रॉन आणि क्लार्क यांचं रिफ्लेक्सिव्ह थीमॅटिक ॲनालिसिस करतोय असं लिहून खाली कप्पा दिला तर ते एकमेकांना छेदतं, कारण त्यांची भूमिकाच अशी आहे की कोडिंग हे संशोधकाचं वाचन आहे आणि दोघांचं वाचन जुळणं हा त्याच्या दर्जाचा पुरावा नाही. त्याऐवजी सहकाऱ्यासोबत बसून तुमचे कोड केलेले उतारे समोर ठेवा, तिनं कुठं प्रश्न विचारला आणि त्यामुळे काय बदललं ते लिहा. काहीच बदललं नसेल तर ती बैठक थिसिसमध्ये मिरवू नका.

मेंबर चेकिंगमध्ये, म्हणजे लावलेला अर्थ त्या लोकांकडूनच तपासून घेताना, गडबड वेगळ्या प्रकारची होते. छापील ट्रान्सक्रिप्ट आईच्या हातात देऊन "बरोबर आहे का" विचारलं तर ती म्हणणार, हो बाई, तुम्ही लिहिलं ते बरोबरच असणार. हा होकार संशोधकाच्या मानापोटी आहे, त्याला पुरावा म्हणता येत नाही. त्यापेक्षा तुमचा अर्थ तोंडी, तिच्या भाषेत, थोडा ठामपणे सांगा, "म्हणजे आजी असती तर तुम्ही पोरीला ठेवलं असतं" असं, आणि थांबा. "छे, आजी असून काय, तिला दिसत नाही" असं उत्तर आलं तर तेच खरं मेंबर चेकिंग. आणि एक कटाक्षाने पाळा: शिक्षकाला आयांचं बोलणं आणि आयांना शिक्षकाचं बोलणं दाखवायचं नाही. एका गावात एकच शाळा असते, कोण काय बोललं ते लगेच कळतं, आणि त्याची किंमत त्या मुलीला मोजावी लागते.

ट्रान्सफरेबिलिटीवर फार वेळ घालवायची गरज नाही. "हे निष्कर्ष संपूर्ण मराठवाड्याला लागू होतात" लिहू नका, आणि "नमुना लहान असल्याने सामान्यीकरण शक्य नाही" अशी माफीही मागू नका. गाव ते शाळा अंतर, वसतिगृह कधी सुरू झालं आणि त्यात मुलींची झोपायची सोय काय, कुटुंबं कुठल्या कारखान्याच्या पट्ट्यात जातात, मागे वडीलधारं माणूस राहण्याची पद्धत आहे का, हे सगळं द्या. जालन्यात काम करणारी वाचक ते वाचून ठरवेल की तिच्या गावाला हे लागू पडतं की नाही.

व्हायवात एखादे जुने सर तरीही अडून बसले की शब्द रिलायबिलिटी-व्हॅलिडिटीच हवेत, तर वाद घालू नका. क्वालिटेटिव्हमध्ये काम करणाऱ्यांतच तशी एक बाजू आहे, जॅनिस मोर्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हेच म्हटलंय की जुने शब्द सोडल्यामुळे तपासणी काम संपल्यावर करायची गोष्ट होऊन बसली, ती काम चालू असतानाच व्हायला हवी. त्यांचा हा आक्षेप मला पटतो, शब्द कुठलेही घ्या. सरांना म्हणा, तुमच्या भाषेत सांगतो, आणि आठव्या मुलाखतीनंतर कोड मोडल्याची नोंद, जुना निष्कर्ष मोडणारी केस आणि वहीच्या तारखांचा तक्ता समोर ठेवा.

त्यासाठी परिशिष्टात हे लावा: बदलांच्या नोंदीची पानं, एका मुलाखतीची कोड केलेली दोन पानं, आणि स्रोतांचा तक्ता ज्यात प्रत्येकासमोर कोणी तयार केला, कशासाठी आणि कुठल्या बाजूला चुकू शकतो ते लिहिलंय. वह्यांचे फोटो लावू नका, तारखा टाइप करून द्या, कारण अक्षर आणि सही ओळखू येते. गावाचं नाव बदललं असेल तर तालुका आणि कारखान्याचं नावही काढा, नाहीतर त्या पट्ट्यातला माणूस दोन मिनिटांत गाव ओळखतो आणि मग खोटी हजेरी लावणारा शिक्षकही.